वडिलांसाठी कद्दीश: शब्द, अर्थ आणि अकरा महिन्यांचा हिशेब

प्रश्न: माझे वडील १७ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी साडेसातला मुंबईत वारले, दुसऱ्या दिवशी दफन झालं. आम्ही बेने इस्राएल यहुदी, पण मला हिब्रू वाचता येत नाही. दफनाच्या वेळी प्रार्थना चालवणारे हज्जान म्हणाले तसं मागोमाग कद्दीश म्हटलं, एक शब्द कळला नाही. शब्द देवनागरीत आणि अर्थासकट सांगाल का? ही प्रार्थना आरामी भाषेत का? कधी, किती दिवस म्हणायची? आणि माझी बहीण म्हणू शकते का?

उत्तर:

तुमच्या दुःखात देव तुम्हा सगळ्यांना सांत्वन देवो. मी बरीच वर्षं सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवतो आणि शोकात असलेल्यांना कद्दीश शिकवतो, त्या अनुभवावरून लिहितो आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, म्हणजे पुढचे सगळे नियम आपोआप उलगडतील. कद्दीश ही मृतासाठी केलेली विनवणी नाही. तिच्यात वडिलांचं नाव नाही, मृत्यू नाही, कबर नाही, आत्म्याला शांती मिळो असं मागणंही नाही. कद्दीश ही हाक आहे. तुम्ही उभं राहून जमलेल्यांना म्हणता की देवाच्या नावाची थोरवी गा, आणि ते उत्तर देतात. त्यांचं उत्तर हाच या प्रार्थनेचा गाभा आहे. कीर्तनात बुवांनी ओळ टाकावी आणि मागच्यांनी धृपद धरावं, तसं. धृपद धरायला कोणी नसेल तर एकट्या बुवांचं कीर्तन होत नाही, आणि एकट्याचं कद्दीशही होत नाही.

वडिलांचं नाव घेऊन जी प्रार्थना होते ती वेगळी, तिला आपण हश्काबा म्हणतो. तिच्यात अमुकचा मुलगा अमुक असं नाव घेऊन त्याच्या विसाव्यासाठी मागणं असतं. घरी पुष्कळदा या दोन्हींची गल्लत होते आणि कद्दीश म्हणताना मुलगा मध्येच थांबून विचारतो की बाबांचं नाव कुठे घ्यायचं. कद्दीशमध्ये कुठेच नाही.

आता शब्द. आपली बेने इस्राएलांची प्रार्थनेची पद्धत सेफार्दी, म्हणजे मूळची स्पेनकडची, आहे, म्हणून तोच पाठ देतो. युरोपातल्या अश्केनाझी पाठात काही शब्द कमी आहेत, ते जागच्या जागी सांगेन. कंसातलं ‘आमेन’ जमलेल्यांनी म्हणायचं.

> यित्गद्दल वेयित्कद्दश श्मेह रब्बा. (आमेन)
> बेआल्मा दी वेरा खिरऊतेह, वेयाम्लिख मल्खूतेह, वेयात्स्मह पुर्कानेह, विकारेव मेशीहेह. (आमेन)
> बेहय्येखोन उव्योमेखोन उव्हय्ये देखोल बेत यिस्राएल, बाअगाला उविज्मान कारीव, वेइम्रू आमेन. (आमेन)

अर्थ: त्याचं महान नाव थोर होवो आणि पवित्र मानलं जावो, त्याने आपल्या इच्छेप्रमाणे निर्माण केलेल्या या जगात. तो आपलं राज्य स्थापो, आपलं तारण उगवू देवो, आपला मशीहा जवळ आणो. हे तुमच्या आयुष्यात, तुमच्या दिवसांत आणि साऱ्या इस्राएल घराण्याच्या आयुष्यात होवो, लवकर, नजीकच्या काळात. आणि तुम्ही म्हणा आमेन.

पहिले दोन शब्द यहेज्केल संदेष्ट्याच्या ३८व्या अध्यायातल्या शेवटच्या वचनाचे पडसाद आहेत. तिथे देव म्हणतो, मी आपली थोरवी आणि पवित्रता प्रकट करीन. ‘वेयात्स्मह पुर्कानेह, विकारेव मेशीहेह’ हे शब्द अश्केनाझी पाठात नाहीत. उद्या इस्राएलमध्ये किंवा परदेशी सिनेगॉगमध्ये उभे राहिलात आणि तिथे ते ऐकू आले नाहीत, तर गोंधळू नका.

या भागात ‘तुमच्या आयुष्यात, तुमच्या दिवसांत’ हे लक्षात घ्या. ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे तो समोरच्या जिवंत माणसांकडे पाहून हे म्हणतो. ‘वेइम्रू’ म्हणजे ‘आणि तुम्ही म्हणा’. पूर्ण कद्दीशभर बोलण्याचा रोख समोरच्या माणसांकडे आहे. देवाला ‘तू’ म्हणून एकदाही हाक मारलेली नाही.

यानंतर जमलेल्यांची पाळी येते:

> आमेन. येहे श्मेह रब्बा मेवारख लेआलम लेआल्मे आल्मय्या.

अर्थ: त्याचं महान नाव सदासर्वकाळ, युगानुयुग धन्य असो.

‘आमेन’ सोडून हे सात शब्द. बाकीचं कद्दीश यांच्याभोवती रचलं गेलं आहे. दानीएलाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात जवळजवळ असंच आरामी वाक्य आहे, आणि तालमूद या आपल्या जुन्या शास्त्रचर्चेच्या ग्रंथात हे उत्तर अनेकदा येतं. तिथे एक जागा अशी आहे की जो सगळ्या शक्तीनिशी हे उत्तर देतो, त्याच्याविरुद्ध झालेला निवाडा फाडून टाकला जातो. म्हणून आपली जुनी माणसं इथे आवाज चढवतात. त्यांचं उत्तर पूर्ण होईपर्यंत तुम्ही थांबायचं. हेच शब्द तुम्हीही म्हणायचे असतात, पण त्यांचा आवाज दाबून पुढे जायचं नाही.

> यित्बारख वेयिश्तब्बह वेयित्पाअर वेयित्रोमम वेयित्नस्से वेयित्हद्दर वेयित्अल्ले वेयित्हल्लल श्मेह देकुद्शा ब्रीख हू. (आमेन)
> लेएल्ला मिन कोल बिर्खाता शिराता तुश्बेहाता वेनेहामाता, दाअमीरान बेआल्मा, वेइम्रू आमेन. (आमेन)

अर्थ: त्या पवित्र परमेश्वराचं नाव धन्य, स्तुत्य, शोभित, उन्नत, उच्च, वैभवी, उदात्त आणि प्रशंसित होवो, धन्य तो. जगात उच्चारलेल्या सगळ्या आशीर्वादांच्या, गीतांच्या, स्तुतींच्या आणि सांत्वनांच्या तो पलीकडे आहे; आणि म्हणा आमेन.

आठ क्रियापदांची ही माळ नवख्याला सर्वांत जड जाते. तिचे आठ वेगळे अर्थ पाठ करायची गरज नाही, एकावर एक स्तुती रचत नेली आहे एवढं पुरे. मी शिकवताना दुसऱ्या ओळीतल्या ‘नेहामाता’ या शब्दावर थांबतो. त्याचा अर्थ सांत्वनं. दफनानंतर शोकाचे सात दिवस लोक तुमच्याकडे येतात, आपापल्या परीने काहीबाही बोलतात, आणि कशानेच आतलं रितेपण भरत नाही. त्याच दिवसांत तुम्ही उभं राहून म्हणता की देव जगात बोलल्या गेलेल्या सगळ्या सांत्वनांच्या पलीकडचा आहे. शोक करणाऱ्याच्या मनाजवळचा शब्द साऱ्या कद्दीशमध्ये शोधायचा झाला, तर मला हाच सापडतो.

> येहे श्लामा रब्बा मिन श्मय्या, हय्यीम वेसावा वीशूआ वेनेहामा वेशेझावा उर्फूआ उग्उल्ला उस्लीहा वेखप्पारा वेरेवह वेहत्साला, लानू उलेखोल अम्मो यिस्राएल, वेइम्रू आमेन. (आमेन)
> ओसे शालोम बिम्रोमाव, हू बेरहमाव यआसे शालोम आलेनू, वेअल कोल अम्मो यिस्राएल, वेइम्रू आमेन. (आमेन)

अर्थ: स्वर्गातून विपुल शांती येवो, आयुष्य, तृप्ती, तारण, सांत्वन, सुटका, आरोग्य, उद्धार, क्षमा, प्रायश्चित्त, मोकळीक आणि बचाव, आम्हाला आणि त्याच्या सर्व इस्राएल लोकांना, आणि म्हणा आमेन. जो आपल्या उंच स्थानी शांती करतो, तो आपल्या दयेने आम्हावर आणि त्याच्या सर्व इस्राएल लोकांवर शांती करो. आणि म्हणा आमेन.

अश्केनाझी पाठात ही लांबलचक यादी नाही. तिथे ‘विपुल शांती आणि आयुष्य’ एवढ्यावर काम भागतं. शेवटची ओळ ईयोबाच्या २५व्या अध्यायातून आली आहे आणि ती हिब्रू आहे, आरामी नाही.

उच्चारांबद्दल थोडं. मराठी माणसाला यातलं बरंच सोपं जातं. ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च, आणि ‘उविज्मान’मधला ज ‘जमीन’मधल्यासारखा. ‘ख’ मात्र आपला नाही, तो घशातून घासत येतो, उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा. ‘श्मेह’, ‘मल्खूतेह’ यांच्या शेवटचा ह हलका असला तरी तो गिळू नका, कारण ‘त्याचं’ हा अर्थ त्याच ह मध्ये आहे. काही लोक ‘यित्गद्देल वेयित्कद्देश’ म्हणतात. हे दोन शब्द मुळात हिब्रू मानावेत की आरामी, यावर जुना वाद आहे. तुमच्या सिनेगॉगमध्ये जे म्हणतात तेच म्हणा.

आता आरामीबद्दल. आरामी ही हिब्रूची सख्खी बहीण. इराणच्या हखामनी साम्राज्यात ती राज्यकारभाराची भाषा होती, आणि तिचा पल्ला एवढा होता की सम्राट अशोकाचा कंदाहारचा शिलालेख ग्रीक आणि आरामी या दोन भाषांत कोरलेला आहे. पुढे बाबेल आणि पॅलेस्टाइनमधल्या यहुद्यांच्या घरात आणि बाजारात हीच भाषा होती. हिब्रू शास्त्राची राहिली. गुरू लोकांना जे प्रवचन देत ते आरामीत असे, आणि प्रवचन संपल्यावर सगळे मिळून ‘येहे श्मेह रब्बा’ म्हणत. तालमूदमध्ये प्रवचनानंतरच्या या उत्तराचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे कद्दीश जन्मली ती अभ्यासाच्या बैठकीत, कबरीपाशी नाही. मध्ययुगातल्या फ्रेंच भाष्यकारांनीही हेच कारण दिलं की हिब्रू न कळणारे साधे लोकही जमलेले असत, त्यांना कळावं म्हणून आरामी. ज्या पाठाचा एक शब्द आज तुम्हाला कळत नाही, तो मुळात न शिकलेल्यांना कळावा म्हणून त्या भाषेत आला. म्हणून अर्थ मराठीत नीट समजून घेणं हे या प्रार्थनेच्या स्वभावाला धरूनच आहे. म्हणताना मात्र मूळ शब्दच म्हणा, कारण समोरच्यांना आपलं उत्तर कुठे द्यायचं हे त्या शब्दांवरूनच कळतं.

पूर्ण पाठ आपल्याला पहिल्यांदा सापडतो तो ९व्या शतकात, बाबेलच्या राव आमराम गाओन यांच्या प्रार्थनाक्रमात. तिथेही ती शोकाची प्रार्थना नाही. नमाजाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाताना म्हणायची ती कद्दीश. (आपली जुनी माणसं अजूनही प्रार्थनेला नमाज आणि सिनेगॉगला मशीद म्हणतात, म्हणून मीही तसं लिहितो.) शोक करणाऱ्या मुलाच्या तोंडी ती आली १२व्या-१३व्या शतकांच्या सुमारास, ऱ्हाइन नदीकाठच्या आणि आसपासच्या यहुदी वस्त्यांमध्ये. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या वेळी याच वस्त्यांत कत्तली झाल्या होत्या. १३व्या शतकात व्हिएन्नाचे रब्बी इसहाक हा रिवाज नोंदवतात आणि त्याच्या मुळाशी एक कथा सांगतात.

जुन्या काळचे थोर गुरू रब्बी अकीवा यांना एकदा एक माणूस दिसला, अंगावर कपडा नाही, कोळशासारखा काळा, डोक्यावर लाकडाचा मोठा भारा घेऊन धावत होता. अकीवांनी त्याला थांबवलं. तो म्हणाला, मी मेलेला आहे. रोज लाकडं गोळा करतो आणि त्याच लाकडांत मला जाळतात. जिवंतपणी मी कर वसूल करायचो, श्रीमंतांना सोडायचो आणि गरिबांना मारायचो. अकीवांनी विचारलं, सुटकेचा काही उपाय? तो म्हणाला, मला मुलगा असता, आणि त्याने मंडळीत उभं राहून देवाची स्तुती म्हटली असती, आणि लोकांनी ‘येहे श्मेह रब्बा’ असं उत्तर दिलं असतं, तर मी सुटलो असतो. अकीवा त्याच्या गावी गेले. तो गेल्यावर त्याला मुलगा झाला होता. त्याची सुंतासुद्धा कोणी केली नव्हती. अकीवांनी त्याला शिकवलं, मंडळीपुढे उभं केलं, लोकांनी उत्तर दिलं, आणि तो माणूस सुटला.

या कथेत मुलगा बापासाठी काहीच मागत नाही. तो लोकांकडून देवाचं नाव घेववतो, आणि जगात तो आहे तो बापामुळे, म्हणून ते बापाच्या खाती जमा होतं. मुलाला मंडळीपुढे उभं करण्यामागचा विचार हा आहे.

आता दहा माणसं का, हेही उघड होईल. लेवीयच्या २२व्या अध्यायातलं वचन आहे की ‘इस्राएल लोकांमध्ये’ माझं नाव पवित्र मानलं जावं. ‘लोकांमध्ये’ म्हणजे किमान दहा, असा अर्थ ठरला. यालाच मिनयान म्हणतात. पारंपरिक सिनेगॉगमध्ये १३ वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊ असतील आणि दहावा जिन्यावर असेल, तर तो आत येईपर्यंत थांबा. सुरू झाल्यावर एखादा निघून गेला, तर सहा जण उरलेले असेपर्यंत चालू कद्दीश पूर्ण करता येते, पण पुढची नव्याने सुरू करता येत नाही. माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत. स्तोत्र २८चं शेवटचं वचन ‘होशीआ एत अम्मेखा’ दहा शब्दांचं आहे. एकेका माणसाकडे पाहत एकेक शब्द म्हणायचा, वचन पूर्ण झालं की मिनयान झालं.

इथेच आपल्या समाजाची खरी अडचण आहे. १९४८ नंतर निम्मं गाव इस्राएलला गेलं, आणि कोकणातल्या कितीतरी मशिदींत आता सणाखेरीज दहा जण जमत नाहीत. मुंबई-ठाण्यातही रोज तिन्ही वेळा जमतीलच असं नाही. तुम्ही आजच तुमच्या सिनेगॉगमध्ये फोन करून विचारा की आठवड्यात नक्की कोणत्या वेळी दहा जण असतात, आणि त्या वेळा धरा. शनिवारची सकाळ बहुतेक ठिकाणी मिळते. जिथे मिनयान नाही तिथे एकट्याने कद्दीश म्हणू नका. पाठ करण्यासाठी घरी वाचणं वेगळं, ते करा. त्या दिवशी वडिलांच्या नावाने स्तोत्रं वाचा, मिश्ना या जुन्या नियमग्रंथाचा एखादा उतारा वाचा, दानधर्म करा. हिब्रूत ‘मिश्ना’ आणि ‘नेशामा’ म्हणजे आत्मा, यांची अक्षरं तीच आहेत, म्हणून मृतासाठी मिश्ना वाचायचा रिवाज पडला. ही दुय्यम सोय आहे असं समजून हळहळू नका. मुलाचं चांगलं वागणं हे कद्दीशपेक्षा मोठं असं आपले शास्त्री सांगत आले आहेत.

प्रत्यक्ष म्हणण्याची रीत. सकाळची शाहरीत, दुपारची मिन्हा, रात्रीची अरवीत, तिन्हींमध्ये ठरावीक जागी शोक करणाऱ्यांची कद्दीश येते. जागा हज्जान खुणेने दाखवतील. शनिवारी आणि सणालाही म्हणायची, जरी त्या दिवशी शोकाची बाहेरची चिन्हं बाजूला ठेवतात. उभं राहा, पाय जुळवा, यरुशलेमकडे तोंड करा. आपल्याकडे म्हणजे पश्चिमेला, आणि करारकोश त्याच भिंतीत असतो. ‘ओसे शालोम’च्या आधी तीन पावलं मागे, मग डावीकडे, उजवीकडे आणि समोर मान लववत ती ओळ.

नवखे लोक चुकतात ते बहुधा वेगात. लाज वाटते, लवकर संपवावंसं वाटतं, म्हणून पुटपुटत पळतात. ओळखायची खूण सोपी आहे. ‘वेइम्रू आमेन’ म्हटल्यावर तुम्हाला समोरून आमेन ऐकू आलं नाही, तर तुम्ही फार हळू आवाजात म्हणताय किंवा फार भरभर. थांबा. तालमूदमध्ये ‘पोरक्या आमेन’बद्दल ताकीद आहे, म्हणजे कशाला उत्तर देतो आहोत हे माहीत नसताना म्हटलेलं आमेन. तुमचे शब्द ऐकू गेले नाहीत तर समोरच्यांचं आमेन तसंच होतं. दोघं-तिघं शोक करणारे एकाच वेळी उभे असतील तर सगळ्यांनी एका लयीत म्हणायचं, आणि सर्वांत हळू वाचणाऱ्याची लय ती सगळ्यांची. तो कदाचित तुम्हीच असाल. सांगा त्यांना, कोणी रागावत नाही. दुसरी चूक श्वास तोडण्याची. ‘श्मेह रब्बा’ एका श्वासात घ्या. ‘खिरऊतेह’नंतर थोडं थांबा, मग ‘वेयाम्लिख’, नाहीतर ‘इच्छेप्रमाणे निर्माण केलं’ आणि ‘राज्य स्थापो’ ही दोन वाक्यं एकात मिसळतात.

दफनाच्या वेळी ऐकलेले शब्द आणि वर दिलेले शब्द वेगळे वाटले, तर तेही बरोबर आहे. कबर भरल्यावर म्हणायच्या कद्दीशचा पहिला परिच्छेद पुष्कळ ठिकाणी निराळा असतो. त्यात जग नवं होईल, मृत उठवले जातील, यरुशलेम पुन्हा बांधलं जाईल असं म्हटलं आहे. मृतांचा उल्लेख येतो तो कद्दीशच्या याच एका प्रकारात. तो पाठ करायची तुम्हाला गरज नाही.

आता तुमच्या तारखा. वडील १७ जानेवारीला बुधवारी संध्याकाळी साडेसातला गेले. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य साडेसहाच्या आधी मावळतो. आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून हिब्रू पंचांगात त्यांची तारीख शेवात महिन्याची ७ नव्हे, ८, म्हणजे ८ शेवात ५७८४. दफन गुरुवारी १८ जानेवारीला दिवसा झालं, तेही ८ शेवातच. हे तुमच्यासाठी सोयीचं झालं, कारण मृत्यूपासून मोजायचं की दफनापासून हा प्रश्नच उरला नाही.

दफनाचा दिवस पहिला धरून सात दिवस बुधवारी २४ जानेवारीच्या सकाळी पूर्ण होतात. तीस दिवस १६ फेब्रुवारीला. भाऊ, बहीण, पत्नी, पती किंवा अपत्य गेलं असतं तर कद्दीश इथेच थांबली असती. आईवडिलांसाठी ती पुढे चालते.

किती पुढे, याचं उत्तर पुन्हा रब्बी अकीवांपाशी जातं. मिश्नामध्ये त्यांचं वचन आहे की गेहिन्नोममध्ये, म्हणजे नरकात, दुष्टांचा न्याय बारा महिने चालतो. मग पूर्ण बारा महिने कद्दीश म्हणणं म्हणजे आपले वडील दुष्ट होते असं मानल्यासारखं होईल. म्हणून अकरा महिन्यांवर थांबायचा रिवाज पडला, आणि १६व्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी तो लिहून ठेवला. सेफार्दी मंडळींत पुष्कळ ठिकाणी वेगळी तोड काढली आहे: अकरा महिने म्हणायची, बाराव्या महिन्याच्या सुरुवातीला एक आठवडा थांबायचं, आणि मग बारा महिने पूर्ण होईपर्यंत पुन्हा म्हणायची. त्या एका आठवड्याच्या खंडाने वडिलांचा मान राखला जातो.

हे महिने हिब्रू पंचांगाचे, आणि ५७८४ हे अधिक महिन्याचं वर्ष होतं. आपल्या अधिक मासासारखाच तिथे अदार महिना दोनदा येतो, आणि दोन्ही अदार मोजायचे. शेवातपासून मोजत गेलं की अकरावा महिना ७ किसलेवला संपतो, म्हणजे रविवार ८ डिसेंबर २०२४. तुमच्या सिनेगॉगमध्ये अकरा महिन्यांचा रिवाज असेल तर तिथे थांबा. आठवड्याच्या खंडाचा असेल तर ९ ते १५ डिसेंबर थांबून १६ डिसेंबरपासून पुन्हा सुरू करा आणि ७ तेवेतला, म्हणजे ७ जानेवारी २०२५ ला संपवा. दोन्हींतलं कोणतं, ते तुमच्या हज्जानांना विचारा. दोन्ही रिवाज जुने आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण घरोघरी इथे गडबड होते. बारा महिने संपले तरी वर्षदिन तेव्हा येत नाही. वर्षदिन ८ शेवातला असतो, आणि अधिक महिन्यामुळे तो आणखी एक महिना पुढे आहे: बुधवार ५ फेब्रुवारी २०२५ च्या सूर्यास्तापासून गुरुवार ६ फेब्रुवारीच्या सूर्यास्तापर्यंत. नातेवाईक १७ जानेवारीला जमायचं ठरवतील, त्यांना आत्ताच कळवा. त्या दिवशी आदल्या संध्याकाळी दिवा लावायचा, तो दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत तेवेल असा, आणि अरवीत, शाहरीत, मिन्हा तिन्हींना कद्दीश. त्यापुढच्या वर्षी ८ शेवात २६ जानेवारी २०२६ ला येईल. इंग्रजी तारीख दरवर्षी अशी सरकत राहणार, म्हणून घरात एक हिब्रू दिनदर्शिका ठेवा.

तुमच्या बहिणीबद्दल. आपली बहुतेक सिनेगॉग पारंपरिक रीतीची आहेत. तिथे मिनयानमध्ये पुरुषच धरतात. पण मुलीने बसल्या जागेवरून पुरुषांबरोबर कद्दीश म्हणावी की नाही, याला आज सगळीकडे एकच उत्तर नाही. काही पारंपरिक रब्बी परवानगी देतात, काही नाही. प्रगतिशील मंडळींत स्त्रिया मिनयानमध्येही धरल्या जातात. मुंबईतल्या त्या विचाराच्या मंडळीची सुरुवात १९२५ मध्ये डॉ. जेरूशा झिराड या आपल्याच समाजातल्या स्त्रीने केली होती. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या यहुदी कार्यकर्त्या हेन्रिएटा सोल्ड यांच्या आई वारल्या तेव्हा एका स्नेह्याने त्यांच्या वतीने कद्दीश म्हणायची तयारी दाखवली. हेन्रिएटांना भाऊ नव्हता, सगळ्या बहिणीच. त्यांनी पत्र लिहून आभार मानले आणि नकार दिला, ही जबाबदारी मुलींनी दुसऱ्याकडे सोपवू नये असं त्यांचं म्हणणं होतं. माझं स्वतःचं मत असं की बहिणीला म्हणायचं असेल तर तिने आधी हज्जानांशी बोलावं, नमाज चालू असताना वाद नको. आणि ते काहीही म्हणाले तरी ‘आमेन, येहे श्मेह रब्बा’ हे उत्तर तिचंही आहे. ते तिने मोठ्याने द्यावं. या सात शब्दांसाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि तुम्ही उभे राहिलात की तुम्हाला तिचा आवाज ऐकू येईल.

सुरुवात अशी करा: या आठवड्यात फक्त पहिल्या तीन ओळी आणि मंडळींचं उत्तर पाठ करा, बाकीचं कागदावरून वाचा. पुढच्या आठवड्यात आठ क्रियापदांची ओळ घ्या, तिच्या पुढच्या आठवड्यात शांतीची यादी. हज्जानांना सांगून त्यांच्या आवाजात पूर्ण कद्दीश सावकाश रेकॉर्ड करून घ्या, पण शनिवारी किंवा सणाला नव्हे, इतर दिवशी. तीस दिवस संपायच्या आत बहुतेकांचा कागद सुटतो.